बाबांच्या मनगटावरचं घड्याळ आणि नकाशावरचं वर्तुळ

निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण बाबांची आठ बाराची लोकल अजून सुटलेली नाही. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या सकाळी पावणेआठच्या सुमारास ते शर्ट खोचतात, "डबा भरलास का?" असं विचारतात आणि कुणाचं लक्ष नसलं तर चपला घालून निघतातही. डोंबिवली पूर्वेला आमच्या घरापासून स्टेशन सातशे मीटरवर आहे. तीस-बत्तीस वर्षं रोज तुडवलेला रस्ता असल्यामुळे स्टेशनपर्यंत ते अजिबात चुकत नाहीत. फोर्टातलं ऑफिस मात्र आता नाही, आणि गर्दीत प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर आपण कशाला आलो हे त्यांना आठवत नाही.

बाकी दिवसभर ते व्यवस्थित असतात. संध्याकाळी दत्ताच्या देवळात एकटे जातात, वाटेत ओळखीच्यांशी बोलतात आणि एकटेच परत येतात. या एका सकाळच्या खोडीसाठी त्यांचं देऊळ बंद करायचं नाही, हे आई, मी आणि भाऊ यांचं आधीच ठरलं होतं. म्हणून आम्ही सिमकार्डवर चालणारं जीपीएस घड्याळ घेतलं आणि त्याच्या अ‍ॅपमध्ये सेफ झोन लावला. सेफ झोन म्हणजे नकाशावर आखलेलं एक वर्तुळ. घड्याळ त्याच्या बाहेर गेलं की आपल्या फोनवर सूचना येते. ऐकायला पाच मिनिटांचं काम वाटतं. आम्हाला ते नीट जमायला तीन आठवडे लागले.

आधी बाबांशी बोलणं

हे काम घड्याळ चार्जिंगला लावण्याच्याही आधीचं आहे. विस्मरणाच्या सुरुवातीच्या टप्प्यात माणसाला चांगलं कळत असतं आणि नकार द्यायचा त्याचा हक्क शाबूत असतो. भाऊ दुबईला असतो. त्याचं म्हणणं होतं, "सांगायचं कशाला? नवीन घड्याळ म्हणून बांधून टाक." पण बाबा आयुष्यभर एचएमटीला रोज सकाळी स्वतः चावी देणारा माणूस. हे घड्याळ मध्येच कंप पावतं, त्यातून आवाज येतो, रात्री चार्जरला लागतं, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हतं. आणि एकदा लपवाछपवी उघडी पडली की पुढे औषधाच्या गोळीवरही विश्वास उरत नाही.

मी सकाळी बोलले, कारण त्यांचं डोकं तेव्हा सर्वांत स्वच्छ असतं. टीव्ही बंद केला, आईला शेजारी बसवलं. "बाबा, तुम्ही हरवता" असं म्हटलं नाही. म्हटलं, "मागच्या महिन्यात स्टेशनवर तुम्हाला दीड तास बसावं लागलं, मला कळलंच नाही. हे घड्याळ असेल तर तुम्ही लांब गेल्याचं मला कळेल. चालेल का?" त्यांनी दोनच प्रश्न विचारले. हे कोण कोण बघणार? आणि मी बोललेलं यातून ऐकू येणार का? दोन्ही प्रश्न इतके नेमके होते, की पुढचं सगळं सेटिंग मी त्यांच्या उत्तरांवरच बांधलं. बघणार फक्त दोघं, मी आणि आई. ऐकू येणार नाही. भाऊ चिडला, पण दुबईत बसून तो करणार तरी काय होता?

अशा घड्याळांत बऱ्याचदा एक सोय असते: अ‍ॅपमधून आदेश दिला की घड्याळ गुपचूप आपल्या फोनवर कॉल लावतं आणि आजूबाजूचं बोलणं ऐकू येतं. जर्मनीने २०१७ साली असं चोरून ऐकता येणाऱ्या लहान मुलांच्या घड्याळांवर बंदीच घातली. ही सोय तुमच्या घड्याळात असेल तर वापरू नका, आणि बंद करता येत असेल तर बंदच करा. माणूस कुठे आहे हे कळण्यासाठी तो काय बोलतोय हे ऐकावं लागत नाही.

ज्यांचा आजार पुढे गेलेला आहे, त्यांना हे सगळं समजेलच असं नाही. तरी दर वेळी बांधताना एक वाक्य बोला: "बाबा, घड्याळ बांधते हं." हात मागे घेतला तर दहा मिनिटांनी पुन्हा विचारा. कुलूपवाला पट्टा घेऊ नका. घड्याळ वारंवार काढून ठेवलं जात असेल तर आधी पट्ट्याखाली घामोळं आलंय का ते बघा. आमच्याकडे तेच निघालं. रबरी पट्टा बदलून कापडी लावला आणि तक्रार संपली. घड्याळ उजव्या हातात बांधलं की उजव्या हाताने काम करणाऱ्याला ते काढता येत नाही, असा एक सल्ला सर्रास दिला जातो. मी तो मानला नाही. बाबांच्या डाव्या मनगटाला चाळीस वर्षांची घड्याळाची सवय आहे. ते घड्याळ काढत नाहीत, ते या सवयीमुळेच.

घड्याळ आणि सिम

घड्याळ फोर-जी आणि व्होल्टीवालं असावं. स्वस्तातली टू-जी घड्याळं अजून विकली जातात, पण जिओचं टू-जी जाळंच नाही, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालणार नाही. भारतासाठी खोक्यावर बँड ३, ५ आणि ४० लिहिलेले आहेत का ते पाहा. तबकडीवर काटे दिसतील असा चेहरा निवडता आला तर उत्तम, कारण वयस्क माणसाला ते घड्याळ वाटलं पाहिजे, यंत्र नव्हे.

सिम घालताना घड्याळ बंद करा आणि सिमचा पिन लॉक आधीच साध्या फोनमध्ये काढून टाका. आमचं पहिलं घड्याळ दोन दिवस "ऑफलाइन" दाखवत होतं ते त्या पिनमुळे. डेटा फार लागत नाही, सर्वांत छोटा पॅकही पुरतो. खरा घोटाळा होतो तो पॅक संपण्याने. पॅक संपला की घड्याळ वेळ दाखवत राहतं, चार्जही होतं, पण अलर्ट येणं बंद होतं, आणि हे तुम्हाला कुणी सांगत नाही, कारण रिचार्जची आठवण करून देणारा मेसेज घड्याळातल्या सिमवर जातो. आम्ही वर्षभराचा पॅक मारून शेवटची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.

अ‍ॅपमध्ये घड्याळ जोडलं की पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी उरकून घ्या. एक, टाइम झोन. ही घड्याळं बहुतेक चीनमध्ये बनतात आणि तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. टाइम झोन चुकला तर तबकडीवर चुकीची वेळ दिसेलच, शिवाय "सकाळी सात ते साडेआठ" असं लावलेलं कुठलंही वेळापत्रक भलत्याच वेळी चालेल. दोन, अनोळखी नंबरचे कॉल बंद करा. घड्याळाच्या फोनबुकमध्ये घरचे चार नंबर ठेवा, बाकी कुणाचा कॉल वाजायला नको. म्हाताऱ्या माणसाला फसवणारे फोन कमी नाहीत. तीन, पासवर्ड. अ‍ॅपचा तर बदलाच, पण घड्याळाला एसएमएसने आदेश देण्याचा जो वेगळा पासवर्ड असतो, तोही पुस्तिकेत बघून बदला. कारखान्यातून तो बहुधा `123456` असाच येतो. हे अतिसावधपणाचं बोलणं नाही. सेट्रॅकर नावाचं अ‍ॅप अशा अनेक घड्याळांच्या मागे असतं. २०२० मध्ये ब्रिटनच्या पेन टेस्ट पार्टनर्स या कंपनीने दाखवून दिलं, की त्याच्या यंत्रणेतल्या एका भोकातून कुणीही त्रयस्थ माणूस घड्याळावर "गोळी घ्या" अशी आठवण पाठवू शकत होता. विस्मरणाच्या रुग्णाने ती आठवण किती वेळा मानली असती याचा विचार करा. ते भोक नंतर बुजवलं गेलं. पण घड्याळाला अ‍ॅप कुणाचं आहे आणि त्याचे अपडेट येतात का, हे घेण्याआधी विचारायचं असतं, हा धडा राहिलाच.

पासवर्ड बदलण्याआधी एक चाचणी जरूर करा. या जातीच्या बऱ्याच घड्याळांना तुमच्या फोनवरून घड्याळाच्या नंबरवर हा एसएमएस पाठवला की ते स्वतःची हालहवाल कळवतात:

```
pw,123456,ts#
```

उत्तरात बरंच काही येतं. त्यातलं `NET:OK` म्हणजे डेटा चालू आहे, `bat level` म्हणजे बॅटरी किती टक्के, आणि `upload` पुढचा आकडा म्हणजे घड्याळ किती सेकंदांनी आपली जागा कळवतं. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं गणित त्याच्यावर आहे.

वर्तुळ कुठे आणि केवढं

पहिल्या दिवशी मी सगळे करतात तेच केलं. वर्तुळाचा मध्य घरावर ठेवला आणि देऊळ आत यावं म्हणून त्रिज्या चारशे मीटर धरली. देऊळ घराच्या पूर्वेला साडेतीनशे मीटरवर आहे. तेवढी त्रिज्या पूर्वेकडे योग्यच होती. पण वर्तुळ सगळीकडे सारखंच पसरतं, त्यामुळे पश्चिमेला, म्हणजे स्टेशनच्या बाजूलाही, बाबांना चारशे मीटर मोकळे मिळाले. ते सावकाश चालतात, मिनिटाला पन्नासेक मीटर. म्हणजे घरातून निघून आठ मिनिटांनी ते रेषा ओलांडणार, आणि तिथून स्टेशन फक्त सहा मिनिटांवर.

वर्तुळाचा मध्य घरावरच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. मी तो दीडशे मीटर पूर्वेला, देवळाच्या दिशेने सरकवला आणि त्रिज्या तीनशेवर आणली. आता देऊळ मध्यापासून दोनशे मीटरवर, म्हणजे शंभर मीटर आतच आहे. घर मध्यापासून दीडशेवर, तेही दीडशे मीटर आत. स्टेशनच्या बाजूला मात्र घरापासून फक्त दीडशे मीटरवर रेषा येते. बाबा ती तिसऱ्या मिनिटाला ओलांडतात आणि तिथून स्टेशन अकरा मिनिटांवर राहतं. त्रिज्या कमी झाली, तरी बाबांचं रोजचं जग एका पावलानेही आकसलं नाही.

तुमच्याकडे स्टेशनऐवजी नदी असेल, हायवे असेल, विहिरींचं शेत असेल. पद्धत तीच. आधी कागदावर त्या माणसाच्या आवडत्या चार-पाच जागा मांडा, मग धोक्याची एकच जागा मांडा, आणि वर्तुळ असं सरकवा की आवडीच्या जागा आत राहतील आणि धोक्याच्या बाजूची रेषा घराजवळ येईल. फक्त घर आणि रेषा यांत शंभर मीटरांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. याचं कारण जीपीएसच्या स्वभावात आहे. उघड्या आभाळाखाली जीपीएसची चूक पाचेक मीटरांची असते. दोन इमारतींच्या बोळात ती तीस-पन्नास मीटरांवर जाते. फ्लॅटच्या आत उपग्रह दिसतच नाहीत, तेव्हा घड्याळ आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधतं, आणि तेही नसेल तर मोबाइल टॉवरवरून, ज्याला अ‍ॅपमध्ये एलबीएस म्हणतात. टॉवरचा अंदाज कित्येकशे मीटर, कधी किलोमीटरभरही चुकतो. बहुतेक अ‍ॅप दोनशे मीटरांपेक्षा लहान वर्तुळ घेऊच देत नाहीत, ते यामुळेच.

याशिवाय स्टेशनभोवती एक दुसरं, दोनशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. तिथे सूचना "बाहेर पडताना" नव्हे, "आत शिरताना" हवी. पहिली सूचना निसटली तर ही आहे.

दहा मिनिटं म्हणजे किती लांब

घड्याळ जागा सतत कळवत नाही, ठरावीक वेळाने कळवतं. बहुतेकांत तीन पर्याय असतात: दर मिनिटाला, दर दहा मिनिटांनी, दर तासाला. आमचं दहावर होतं. आता हिशेब बघा. बाबा तिसऱ्या मिनिटाला रेषा ओलांडतात. घड्याळाने नेमकं त्याच्या आधल्याच क्षणी जागा कळवलेली असेल, तर पुढची खबर तेराव्या मिनिटाला. फोनवर यायला आणखी मिनिटभर. चौदाव्या मिनिटाला बाबा स्टेशनवर. म्हणजे सगळं बिनचूक लावूनही सूचना येईल ती ते पोचल्यावर.

दर मिनिटाला ठेवलं तर खबर पाचव्या मिनिटाला मिळते, पण आमचं घड्याळ अर्ध्या दिवसात मरतं. म्हणून जोखमीची वेळ तेवढीच धरली. सकाळी सातला चहाचं आधण ठेवताना मी अ‍ॅपमध्ये "दर मिनिट" करते, साडेआठनंतर परत दहावर आणते. काही अ‍ॅपमध्ये याचं वेळापत्रक लावता येतं, आमच्यात नाही. दोन वेळा बोट लावायचं, एवढंच. कोणती वेळ जोखमीची हे ठरवायला आठ-दहा दिवस नुसती वही ठेवा: कधी उठले, कधी चपला शोधल्या, कुठे जायचं म्हणाले. बऱ्याच घरांत ही वेळ संध्याकाळची निघते, दिवेलागणीला माणूस कासावीस होतो आणि "घरी जायचंय" म्हणतो. आमच्याकडे सकाळ निघाली. आणि नेहमीचा क्रम सोडून दोन-तीन दिवसांत अचानक भटकणं वाढलं, तर घड्याळाकडे नव्हे, डॉक्टरांकडे बघा. लघवीचा संसर्ग, दुखणं किंवा नवीन गोळी यांनीही असं होतं.

आता पुढचा हिशेब, ज्याने माझी झोप उडवली. दर मिनिटाची खबर. पाचव्या मिनिटाला फोन वाजला, बाबा अडीचशे मीटरवर. गॅस बंद, चावी, जिना, यात दोन मिनिटं. सातव्या मिनिटाला मी खाली. मी मिनिटाला पंच्याऐंशी मीटर चालते, म्हणजे स्टेशनला आठ मिनिटं आणि वर थोडी सेकंदं. मी पंधराव्या मिनिटानंतर पोचते. बाबा चौदाव्या. इतकं सगळं करून मी एका मिनिटाने मागे.

मागून धावून गाठता येत नाही. गाठायला पुढे कुणी तरी उभं असावं लागतं. म्हणून सूचना आली की मी आधी पळत नाही, आधी फोन करते. स्टेशनच्या वाटेवर ज्यांच्याकडून बाबा वीस वर्षं पेपर घेत आले, त्या पेपरवाल्या काकांना. त्यांना मी आजाराचं नाव सांगितलेलं नाही. इतकंच म्हटलं आहे, "काका, बाबा सकाळी एकटे दिसले तर जरा बसवून घ्या आणि मला कळवा." याची परवानगी बाबांकडून घेतली होती. ते म्हणाले, "त्याच्याकडे बसायला मला कुणाची परवानगी लागते?" काका त्यांच्या हातात पेपर देतात, बाबा मथळे वाचत उभे राहतात, आणि मी चालत जाते. तुमच्याकडे हा माणूस रिक्षा स्टँडवरचा असेल, सोसायटीचा वॉचमन असेल. त्याच्याशिवाय सेफ झोन लावणं म्हणजे बातमी येण्याची सोय करणं, बाकी काही नाही.

फोनची बाजू

घड्याळ शहाणं आणि फोन झोपलेला, हे फार वेळा होतं. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप बंद करत राहतात, काही कंपन्यांचे फोन तर जरा जास्तच. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढा, "ऑटोस्टार्ट" चालू करा आणि सूचनेला वेगळा, मोठा आवाज द्या. "डू नॉट डिस्टर्ब"मधून त्या अ‍ॅपला सूट द्या. सूचना किमान दोन फोनवर यायला हवी. आईच्या फोनवर मी देवळातल्या घंटेचा आवाज लावला आहे, तिला तो व्हॉट्सअ‍ॅपच्या टिंगटिंगपेक्षा वेगळा कळतो.

आणि घराच्या दाराला एक साधी घंटी लावा, दार उघडलं की किणकिणणारी. ती कुठल्याही घड्याळाच्या पाच मिनिटं आधी बातमी देते. बाहेरून कुलूप मात्र लावू नका. आग लागली तर त्या कुलपाचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

चाचणी

पहिले दोन दिवस बाबांनी घड्याळ नेहमीसारखं घातलं आणि सूचना फक्त माझ्या फोनवर चालू ठेवली. घरात बसल्या-बसल्या नकाशावरचा ठिपका किती उडतो ते यात कळतं. आमचा ठिपका दुसऱ्या दुपारी खाडीपलीकडे गेला आणि पाच मिनिटांत परत आला. बाबा तेव्हा घोरत होते. ठिपक्यावर बोट ठेवलं तर "एलबीएस" लिहिलेलं दिसलं. तेव्हापासून नियम केला: एलबीएसचा एक ठिपका म्हणजे खात्री करा, घाबरू नका. घरी असाल तर खोलीत डोकावा, बाहेर असाल तर आईला फोन करा. एलबीएसचे दोन ठिपके एकाच दिशेला सरकत असतील तर मात्र निघा.

तिसऱ्या दिवशी मी आणि बाबा मिळून रेषा ओलांडायला गेलो. तीच सकाळची वेळ, तोच रस्ता. "आता वाजेल बघ," ते म्हणाले. वाजायला अपेक्षेपेक्षा दोन मिनिटं जास्त लागली, कारण रेषेच्या जागी दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत आणि घड्याळाला उपग्रह पकडायला वेळ लागला. मी रेषा आणखी वीस मीटर आत घेतली. ही चाचणी आळीपाळीने तीन दिवस करा, एकदा पावसातही.

चार्जिंगची वेळ एकच आणि ठरलेली हवी. दुपारची झोप सोयीची वाटते, पण त्या झोपेतून उठूनच अनेक जण निघतात. आम्ही बाबांची अंघोळ आणि नाश्ता यांच्या मधला, सगळे घरात असतानाचा पाऊण तास पकडला. जोखमीची सकाळ त्या आधीच संपलेली असते. खोक्यावर पाण्यापासून संरक्षण लिहिलेलं असलं तरी बादलीतलं कढत पाणी आणि साबण त्याला मानवत नाही, त्यामुळे तसंही ते काढायचंच असतं. बॅटरी वीस टक्क्यांखाली आल्याची आणि घड्याळ ऑफलाइन गेल्याची सूचनाही चालू ठेवा. ठिपका घरातच दिसतोय, पण शेवटची वेळ पाऊण तासापूर्वीची आहे, तर त्याचा अर्थ माणूस घरात आहे असा होत नाही.

सूचना आल्यावर

आमचा क्रम फ्रिजवर चिकटवलेला आहे. आधी ठिपका कुठला आणि केव्हाचा ते बघायचं. मग पेपरवाल्या काकांना फोन. एक जण निघतो, एक घरीच थांबतो, कारण बरेचदा माणूस आपला आपण परत येतो आणि दाराला कुलूप बघून पुन्हा निघतो. घड्याळावर फोन लावायचा तर "कुठे आहात? कुठे चाललात?" असं ओरडायचं नाही. मनगटातून अचानक आवाज आला की ते गोंधळतात. मी म्हणते, "बाबा, मी पण येतेय, जरा थांबा."

गाठल्यावर मागून खांद्यावर हात टाकू नका. समोरून या, दिसा, आणि चार पावलं त्यांच्याच दिशेने त्यांच्याबरोबर चाला. "तुम्ही निवृत्त झालात" हे त्या क्षणी ऐकवणं म्हणजे त्यांना चारचौघांत परीक्षेला बसवणं. मी "आठ बारा आज रद्द" अशी थापही मारत नाही. मला ते जमत नाही, आणि त्यांना संशय येतोच. मी विचारते, "ऑफिसात आज काय होतं?" ते सांगत राहतात, आम्ही वळतो. घरी आल्यावर चर्चा नाही, आणि नकाशावरचा मागचा प्रवास उघडून "तुम्ही काल इथे का थांबला होतात?" असं तर कधीच नाही. तो इतिहास मी बघत नाही. शोधायची वेळ आली तरच उघडायचा.

पंधरा मिनिटांत सापडले नाहीत तर ११२. हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं, असा कोणताही नियम नाही. स्टेशनच्या आत शिरल्याची शंका असेल तर रेल्वेचा १३९ लगेच लावा, कारण छपराखाली आणि चालत्या लोकलमध्ये ठिपक्याचा भरवसा नसतो. त्याच आठवड्यातला फोटो आणि आज काय घातलंय, हे दोन्ही हाताशी ठेवा. बाबांच्या खिशात एक चिठ्ठी असते. तिच्यावर त्यांचं नाव आणि "कृपया या नंबरवर फोन करा" एवढंच आहे. आजाराचं नाव नाही, पत्ता नाही. पत्ता वाचून कुणीही सोबत येऊ शकतं, आणि प्रत्येकाचा हेतू चांगला असेलच असं नाही. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही देशभरची एल्डरलाइन आहे, पण ती चोवीस तास चालत नाही, शोधाशोधीसाठी तिच्यावर विसंबू नका.

दर तीन महिन्यांनी आम्ही तिघं नकाशा उघडून बसतो. आवडीच्या जागा बदलतात, चालण्याचा वेग बदलतो, मिनिटाला पन्नास मीटरचे चाळीस होतात आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मागच्या वेळी मी बाबांना नेहमीप्रमाणे विचारलं, हे असंच चालू ठेवायचं ना? ते चष्मा वर करून बराच वेळ फोनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "यात सलून येतं का? दर पंधरवड्याला मी दाढीला जातो." येत नव्हतं. मध्य साठ मीटर उत्तरेला सरकवला.